खाणं तेवढंच, मग पोट का सुटलं? पंचेचाळिशीनंतरच्या पोटाचा पाऊणशे वर्षांचा शोध

वडीगोद्री, शहागड, अंबड या आपल्या भागातल्या पंचेचाळीस ते पंचावन्न वयाच्या ताई-मावशींकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. "डॉक्टर, खाणं पूर्वीइतकंच आहे, उलट एक भाकरी कमीच केलीय. तरी पोट पुढे येतंय. ब्लाऊज बाह्यांत सैल होतोय आणि पोटावर घट्ट बसतोय." घरचे म्हणतात, "चोरून खात असशील." शेजारीण म्हणते, "पाळी गेली की अंग सुटतंच." आणि कुणी सांगतं, "तुझा मेटाबॉलिझम मंदावला."

या तिन्ही उत्तरांत काहीतरी चुकतंय. नेमकं काय चुकतंय हे कळायला वैद्यकशास्त्राला पाऊणशे वर्षं लागली. हा शोध कसा लागत गेला ते आज तुम्हाला सांगतो. तो समजला, की वजनकाट्यावर रागावण्याऐवजी नेमकं काय मोजायचं आणि काय करायचं, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

चरबी किती, यापेक्षा चरबी कुठे?

फ्रान्समधल्या मार्सेय शहरात ज्याँ वाग नावाचे डॉक्टर होते. तेव्हा लठ्ठपणा म्हणजे वजन, एवढंच मानलं जायचं. वाग यांनी वेगळी गोष्ट केली. दंडावरची आणि मांडीवरची चरबी आणि तिथले स्नायू मोजून ते त्यांची तुलना करू लागले. १९४७ साली त्यांनी लिहिलं, की चरबी साठण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक बायकी तऱ्हा, म्हणजे कंबरेखाली, नितंबांवर आणि मांड्यांवर. दुसरी पुरुषी तऱ्हा, म्हणजे वरच्या अंगात आणि पोटावर. वजन सारखंच असलं तरी मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार हे दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांत जास्त दिसतात, असं त्यांचं निरीक्षण होतं.

त्या वेळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात १९६८-६९ मध्ये ३८ ते ६० वर्षांच्या १४६२ स्त्रियांची तपासणी झाली. त्यात कंबर आणि नितंब यांचे घेर टेपने मोजले होते. बारा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष १९८४ मध्ये छापून आले. हृदयविकाराचा झटका कुणाला येणार याचा अंदाज वजनापेक्षा कंबर आणि नितंब यांच्या प्रमाणावरून चांगला येत होता. शिंप्याच्या टेपने जे कळलं, ते वजनकाट्याने कळलं नव्हतं.

त्याच सुमारास जपानमधल्या ओसाका शहरात युजी मात्सुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंबीच्या पातळीवर पोटाचे सीटी स्कॅन काढायला सुरुवात केली. त्यात स्पष्ट दिसलं, की पोटाची चरबी दोन प्रकारची असते. एक कातडीखालची, जी चिमटीत धरता येते. दुसरी आत, आतड्यांच्या भोवती बसलेली, जी चिमटीत येत नाही. आतड्यांभोवतीच्या चरबीचं रक्त थेट यकृताकडे, म्हणजे लिव्हरकडे जातं. त्यामुळे रक्तातली साखर आणि चरबी बिघडवण्यात या आतल्या चरबीचा मोठा हात असतो.

मांडीवरची चरबी ही शिदोरी होती

आता प्रश्न असा, की ही चरबी आयुष्याची तीस वर्षं मांड्यांवर गुमान बसते आणि पाळी जायच्या सुमारास तिला पोट का आठवतं?

याचं उत्तर गोथेनबर्गलाच मिळालं. मारिएल रेब्युफे-स्क्रीव्ह या संशोधिकेने १९८०च्या दशकात स्त्रियांच्या मांडीतून आणि पोटातून सुईने चरबीचे लहान नमुने घेतले आणि त्या पेशी कशा वागतात ते तपासलं. पाळी चालू असलेल्या स्त्रीची मांडीवरची चरबी साठवण्यात उत्साही आणि देण्यात कंजूष होती. उपास केला तरी ती सहज सुटत नव्हती. पण अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाबतीत तीच चरबी मोकळी होत होती. म्हणजे ती बाळासाठी राखून ठेवलेली शिदोरी होती.

ही शिदोरी मांडीवरच बांधून ठेवण्याचं काम मुख्यतः इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, करतं. पाळी गेलेल्या स्त्रियांचे नमुने तपासले तेव्हा मांडी आणि पोट यांच्या पेशींमधला तो फरक जवळपास नाहीसा झालेला दिसला. राखण करणारा गेला, की नवी चरबी मांडीकडेच जाईल असं राहत नाही. ती पोटाकडे, आणि त्यातही आतल्या बाजूला, जाऊ लागते.

एवढं लक्षात ठेवा: एकूण चरबी किती साठणार हे खाण्यावर आणि हालचालीवर ठरतं. ती कुठे साठणार, यात इस्ट्रोजेनचा शब्द मोठा असतो.

खाणं खरंच वाढतं का?

"चोरून खात असशील" या आरोपाची तपासणीही झालेली आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या पेनिंग्टन संशोधन केंद्राने चाळिशी ओलांडलेल्या, पाळी चालू असलेल्या स्त्रियांना चार वर्षं दरवर्षी तपासलं. पोटाचा स्कॅन, खाण्याची नोंद, हालचालीची मोजणी, सगळं केलं. २००८ मध्ये निष्कर्ष आले. वय वाढलं तशी कातडीखालची चरबी सगळ्यांचीच वाढली. पण आतली चरबी लक्षणीय वाढली ती ज्यांची पाळी या काळात थांबली त्यांचीच. आणि खाणं? पाळी जायच्या तीन-चार वर्षं आधी ते सर्वात जास्त होतं, नंतर उलट कमी झालं. म्हणजे "एक भाकरी कमीच केलीय" असं सांगणाऱ्या ताई खोटं बोलत नाहीत.

मग घटलं काय? पाळी जायच्या सुमारे दोन वर्षं आधीपासून त्यांची रोजची हालचाल कमी झाली आणि पुढेही कमीच राहिली. झोपेत शरीर जी ऊर्जा वापरतं तीही पाळी गेलेल्यांमध्ये थोडी जास्त घटली.

मेटाबॉलिझम मंदावतो का?

दुसरी मोठी पाहणी १९९६ मध्ये अमेरिकेच्या सात शहरांत सुरू झाली. स्वॉन या नावाने ती ओळखली जाते. ४२ ते ५२ वयाच्या ३३०२ स्त्रियांना त्यात घेतलं आणि पुढे वर्षानुवर्षं तपासलं. काहींच्या शरीरातली चरबी आणि बिनचरबीचा भाग डेक्सा नावाच्या स्कॅनने वेगवेगळा मोजला. बिनचरबीच्या भागात स्नायूंचा वाटा मोठा असतो.

२०१९ मध्ये त्याचं चित्र स्पष्ट झालं. पाळी अनियमित होऊ लागली, की चरबी वाढण्याचा वेग दुप्पट होतो, आणि त्याच वेळी बिनचरबीचा भाग घटू लागतो. शेवटच्या पाळीनंतर सुमारे दोन वर्षांनी हे स्थिरावतं. गंमत अशी, की नुसतं वजन पाहिलं तर या काळात काहीच वेगळं दिसत नाही. वजन आपलं पूर्वीच्याच संथ गतीने चढत राहतं. चरबी येते, स्नायू जातात आणि काट्यावर दोन्ही एकमेकांना झाकतात.

२०२१ मध्ये हर्मन पाँटझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६४०० हून अधिक माणसांची ऊर्जेची मोजणी एकत्र केली. त्यात आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत सगळे होते. शरीरातला चरबीचा आणि बिनचरबीचा भाग हिशेबात धरला, तर वीस ते साठ वयात शरीराचा ऊर्जावापर जवळजवळ तसाच राहतो, असं दिसलं. पाळी जायच्या वयातही मोठा खड्डा सापडला नाही. पेनिंग्टनमध्ये दिसलेली घट खरी असली, तरी ती लहान आहे. अख्खं इंजिन थंडावलं, असं म्हणता येत नाही.

एक हिशेब करून पाहू

समजा, एक ताई आहेत. हे उदाहरण हिशेबासाठी घेतलंय, आकडे सोपे ठेवलेत. ४४व्या वर्षी वजन ५८ किलो, कंबर ७६ सेंटिमीटर. ४८व्या वर्षी वजन ६० किलो, कंबर ८५ सेंटिमीटर. वजन फक्त दोन किलो वाढलं, मग कंबर नऊ सेंटिमीटर कशी?

आत असं घडलं. साडेतीन किलो चरबी वाढली आणि दीड किलो स्नायू घटले. वजाबाकी दोन किलो. वाढलेल्या चरबीचा मोठा भाग पोटात गेला, आणि स्नायू गेले ते दंड-मांड्यांतून. म्हणून बाह्या सैल आणि पोट घट्ट.

आता ऊर्जा पाहू. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे साडेतीन किलोत सुमारे २७,०००. घटलेल्या स्नायूंचे थोडे वजा केले आणि चार वर्षांच्या साधारण १४६० दिवसांनी भागलं, तर उत्तर येतं दिवसाला १७ कॅलरी. ज्वारीची एक भाकरी १२० कॅलरींच्या पुढे असते. म्हणजे हा हिशेब आहे भाकरीच्या एका घासाचा! एवढा फरक कोणत्याही माणसाला जाणवणं शक्य नाही. म्हणून "खाणं तेवढंच आहे" हे प्रामाणिक वाक्य आहे.

अनेक ठिकाणी वाचाल की "स्नायू घटले म्हणून कॅलरी जळत नाहीत." हे अर्धवट आहे. आराम करताना एक किलो स्नायू दिवसाला फक्त १३ कॅलरी वापरतो आणि एक किलो चरबी साडेचार. आपल्या ताईंचे दीड किलो स्नायू गेले म्हणजे वीस कॅलरी कमी झाल्या. पण साडेतीन किलो चरबी वाढली, तिने पंधरा-सोळा परत वापरल्या. बसल्या जागी फरक जवळपास शून्य.

मग रोजच्या सतरा कॅलरी उरल्या कशा? साठ किलोच्या माणसाचं सात-आठ मिनिटांचं चालणं कमी झालं, की एवढ्या सहज उरतात. तुमचंच आठवा. घरात नळ आला, मिक्सर आला, सून आली, गुडघे कुरकुरू लागले, रात्री घाम येऊन झोप मोडू लागली आणि दिवसा अंग जड वाटू लागलं. यात आळस नाही, पण हालचाल नक्की घटली.

तरीही स्नायू महत्त्वाचे आहेत, दुसऱ्या कारणासाठी. जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवायचं मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान झालं, की तीच भाकरी, तोच भात साखर जास्त चढवतो.

आपल्याकडे हे कमी वजनातच का होतं?

हा भाग आपल्या महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास राखलेली होती. म्हणजे दिसायला बारीक, पण प्रमाणाने चरबी जास्त. ही ठेवण आपण जन्मतःच घेऊन येतो.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनाच्या तक्त्यात दोघेही 'नॉर्मल'!

आपल्या भागातल्या बाईला याचा अर्थ असा, की स्नायूंची पुंजी मुळात लहान, आणि त्यातून पाळी जाताना आणखी काही जातं. म्हणून भारतीय स्त्रीसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर धरतात, वजन काहीही असो. वरच्या उदाहरणातल्या ताई ७६ वरून ८५ वर गेल्या, म्हणजे रेषा ओलांडली. त्यांचं वजन पाहून मात्र कुणी काही बोललं नसतं.

"पिशवी काढल्यापासून पोट सुटलं"

शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यात पस्तीस-चाळिशीच्या कितीतरी होत्या.

तुमची पिशवी काढलेली असेल, तर एक गोष्ट कागदावर पाहून घ्या: बीजांडकोश, म्हणजे ओव्हरी, ठेवल्यात की काढल्यात? दोन्ही काढल्या असतील तर इस्ट्रोजेन चार-पाच वर्षांत हळूहळू नव्हे, तर काही दिवसांत खाली येतं. जे बदल पंचेचाळिशीनंतर व्हायचे ते पस्तिशीत सुरू होतात, हाडांसकट. अशा बाईने पन्नाशीची वाट पाहू नये. डिस्चार्ज कार्ड घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावं आणि हॉर्मोनच्या गोळ्यांची गरज आहे का ते विचारावं. ओव्हरी ठेवल्या असतील तर त्या काम करत राहतात, मात्र पाळी जायची वेळ थोडी अलीकडे येऊ शकते. पिशवीच नसल्याने ती वेळ कळत नाही. अंगातून वाफा येणं, रात्री घाम येणं यावरून ओळखावं लागतं. आणि फक्त पोट कमी करायला हॉर्मोनच्या गोळ्या घेऊ नका, त्या त्यासाठी नाहीत.

मग करायचं काय?

पहिलं, टेप आणा. सकाळी उपाशीपोटी सरळ उभं राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, टेप कातडीला टेकेल पण रुतणार नाही अशी धरा. श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचा, पोट आत ओढू नका. महिन्यातून एकदा लिहून ठेवा. ८० च्या वर असाल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि बीपी तपासून घ्या.

दुसरं, स्नायूंना वजन द्या. बॉस्टनमध्ये १९९० साली मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली आणि मांडीचे स्नायू स्कॅनमध्ये वाढलेले दिसले. नव्वदीत वाढतात, तर पन्नाशीत का नाही? खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून ढकलणं दहा वेळा, दोन्ही हातांत पाण्याची बाटली घेऊन वर उचलणं दहा वेळा. असे दोन-तीन फेरे, आठवड्यातून तीन दिवस. सोपं वाटू लागलं की वजन वाढवा. न वाढवता वर्षभर तेच केलं तर स्नायू पुढे वाढत नाहीत. चालणं यासोबत हवंच, पण नुसत्या चालण्याने दंडाचे स्नायू राहत नाहीत.

तिसरं, भाकरी आणखी कमी करत बसू नका. कमी करायची सवय बहुतेक वेळा वरणावर, दुधावर येते आणि स्नायूच आणखी जातात. साठ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. तीन भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण, एक वाटी मोड आलेली मटकी, मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर दूध किंवा ताक-दही एवढ्यात ती जवळपास होतात. भाकरी-ठेच्यावर दोन्ही वेळा भागवलं, तर पोट भरतं पण हा आकडा गाठत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

सगळंच पोट चरबीचं नसतं

पोट काही आठवड्यांत झपाट्याने वाढलं, थोडं खाल्लं की भरल्यासारखं वाटतं, हात-पाय-चेहरा बारीक होतोय, पायांवर सूज आहे, किंवा पाळी पूर्ण गेल्यावर पुन्हा अंगावरून जातंय, यांतलं काहीही असेल तर टेप बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. पोटात पाणी किंवा ओव्हरीची गाठ असू शकते, सोनोग्राफीत ते कळतं. थंडी जास्त वाजते, बद्धकोष्ठ आहे, आवाज घोगरा झालाय, असं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.

यातलं काही नसेल, तर आज मोजलेला कंबरेचा आकडा कॅलेंडरवर लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. वजन तेवढंच राहून कंबर दोन सेंटिमीटर उतरली आणि खुर्चीवरून उठणं सोपं झालं, तर बहुधा चरबी जाऊन स्नायू येत आहेत असं समजा. काट्यावर ते दिसणार नाही.